ऑफर लेटरवर नाव कोणाचं? थर्ड पार्टी पेरोलच्या नोकरीआधी रिक्रूटरला विचारायचा प्रश्न

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरायला लागले. कॉन्ट्रॅक्टवाल्यांनाही आता एका वर्षात ग्रॅच्युइटी, सगळ्यांना अपॉइंटमेंट लेटर, नोकरी सोडली की कामाच्या दोन दिवसांत हिशेब पूर्ण. यात तथ्य आहे. पण ग्रॅच्युइटी नेमकी कोणाच्या खिशातून येणार आणि पत्रावर सही कोण करणार, हे मेसेज पाठवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सांगता येतं. हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत रोज हजारो माणसं अशा इमारतींत शिरतात जिथला बोर्ड एका कंपनीचा असतो आणि पगाराची स्लिप दुसरीचीच. गळ्यातल्या आयकार्डाच्या पट्टीचा रंगही अनेक ठिकाणी वेगळा असतो, म्हणजे कॅन्टीनमध्येसुद्धा कळतं कोण 'ऑन रोल' आणि कोण 'ऑफ रोल'.

हे सगळं सुरू होतं एका फोनपासून. तो साधारण असा असतो:

"सर, तुमचा प्रोफाइल नोकरी डॉट कॉमवर बघितला. टॉप एमएनसीमध्ये ओपनिंग आहे, लोकेशन खराडी, हायब्रिड. इंटरेस्टेड आहात का?"

"कंपनी कुठली?"

"क्लायंटचं नाव आत्ता सांगता येणार नाही सर, कॉन्फिडेन्शियल आहे. पोझिशन परमनंट आहे, आमच्या पेरोलवर. तुम्ही अपडेटेड सीव्ही आणि पॅनचे शेवटचे चार अंक पाठवून द्या."

या शेवटच्या उत्तरात 'परमनंट' आणि 'आमच्या पेरोलवर' हे दोन शब्द शेजारी शेजारी बसलेत आणि 'आमच्या' म्हणजे नक्की कोणाच्या, ते सांगितलेलंच नाही. बोलणारी मुलगी तिसऱ्याच कंपनीत नोकरीला असू शकते.

## एका नोकरीत किती कंपन्या?

थर्ड पार्टी पेरोल म्हणजे काम एका कंपनीचं, नेमणूक दुसऱ्या कंपनीची. काम करून घेणाऱ्या कंपनीला सगळे 'क्लायंट' म्हणतात, नेमणूक करणारीला 'व्हेंडर' किंवा स्टाफिंग कंपनी. टीमलीज, क्वेस, रँडस्टॅड, अडेको ही या धंद्यातली मोठी नावं. त्यांच्याखाली दहा-वीस माणसांच्या जोरावर चालणाऱ्या शेकडो छोट्या कंपन्या आहेत. पुण्यातल्या एखाद्या निवासी सोसायटीतल्या फ्लॅटमधूनही स्टाफिंगचा व्यवसाय चालतो आणि त्यात गैर काहीच नाही.

लग्नाच्या पंगतीत वाढणारा पोरगा आठवा. जिलबी आधी आणायची की मठ्ठा, हे त्याला वधूपित्याचा माणूस सांगतो. पंगत कोणाची, तर वधूपित्याची. पण त्या पोराला बोलावलंय केटररने, त्याचा रोज ठरवलाय केटररने, आणि रात्री पैसे मागायला तो केटररकडेच जाणार. वधूपित्याने केटररचे पैसे थकवले, तरी पोराचा तगादा केटररकडेच. आणि केटररने स्वतःकडे माणसं कमी पडली म्हणून ती दुसऱ्या केटररकडून आणली असतील, तर पोराचा केटरर हा हॉलमध्ये दिसतही नाही.

स्टाफिंगमध्ये हा न दिसणारा दुसरा केटरर फार सर्रास असतो. मोठ्या कंपन्या ठरावीक व्हेंडरांनाच आपल्या यादीवर घेतात. यादीवरच्या व्हेंडरला हवा तसा माणूस वेळेत मिळाला नाही, की तो खालच्या छोट्या व्हेंडरकडून घेतो. छोटा व्हेंडर सीव्ही शोधायचं काम एखाद्या फ्रीलान्स रिक्रूटरला देतो. तुम्हाला फोन येतो तो या शेवटच्या माणसाचा. म्हणजे फोन, ऑफर लेटर, मधला व्हेंडर आणि काम अशी चार वेगळी नावं एका नोकरीत असू शकतात.

त्यातलं कायद्याने तुमचं 'एम्प्लॉयर' एकच, ज्याच्या नावाचं अपॉइंटमेंट लेटर आहे, जो पगार जमा करतो आणि ज्याच्या कोडखाली पीएफ भरला जातो. या तिन्ही ठिकाणी एकच नाव असायला हवं. तीन ठिकाणी तीन नावं दिसली, तर तिथेच थांबा.

## रिक्रूटर नाव का सांगत नाहीत?

लगेच फसवणुकीचा संशय घ्यायचं कारण नाही. क्लायंटचं नाव झाकून ठेवण्यामागे बऱ्याचदा साधा धंदा असतो. नाव कळलं की उमेदवार थेट त्या कंपनीच्या वेबसाइटवर अर्ज करतो किंवा ओळखीतून रेफरल लावतो, आणि रिक्रूटरचं कमिशन बुडतं. कधी क्लायंटनेच व्हेंडरला सांगितलेलं असतं की आमचं नाव जाहिरातीत वापरू नका. त्यामुळे पहिल्याच फोनवर क्लायंटचं नाव मिळालं नाही, तर मी ते फारसं मनावर घेणार नाही.

पण सीव्ही क्लायंटकडे जायच्या आधी ते नाव कळलंच पाहिजे, आणि याचं कारण उमेदवाराच्या फायद्याचं आहे. एकाच जागेसाठी क्लायंट चार-पाच व्हेंडरांना एकाच वेळी सांगतो. तुम्ही अंधारात दोन रिक्रूटरांना 'हो, पाठवा' म्हणालात आणि दोघांनी तुमचा सीव्ही एकाच क्लायंटच्या पोर्टलवर चढवला, तर तो 'डुप्लिकेट' म्हणून अडकतो. पॅनचे चार अंक आणि जन्मतारीख मागतात ती यासाठीच, क्लायंटच्या सिस्टीममध्ये तुम्हाला ओळखायला. मग कमिशन कोणाचं यावरून व्हेंडरांची जुंपते आणि त्या भानगडीत पडण्यापेक्षा क्लायंट पुढचा उमेदवार बघतो. तुम्हाला मात्र 'प्रोफाइल होल्डवर आहे' एवढंच कळतं.

आता दुसरं नाव, पेरोल कोणाच्या कंपनीवर. हे नाव गुप्त ठेवायला मला आजवर एकही पटेल असं कारण सापडलेलं नाही. जो तुम्हाला नोकरीवर ठेवणार, त्याने स्वतःचं नाव सांगायला कसली अडचण? रिक्रूटरला ते माहीत नसेल तर तो साखळीत बराच खाली आहे. माहीत असून सांगत नसेल, तर तो ते टाळतोय. म्हणून प्रश्न 'कंपनी कुठली?' असा मोघम विचारू नका, कारण त्याचं उत्तर कायम क्लायंटच्या गुप्ततेकडे वळवलं जातं. असं विचारा: "क्लायंटचं नाव नंतर सांगा, चालेल. माझ्या अपॉइंटमेंट लेटरवर कोणत्या कंपनीचं पूर्ण नाव असेल आणि पीएफ कोणाच्या कोडखाली जाईल?"

पूर्ण नाव म्हणजे शेवटच्या 'प्रायव्हेट लिमिटेड' किंवा 'एलएलपी'सकट. एकाच मालकाच्या 'अमुक टेक्नॉलॉजीज', 'अमुक कन्सल्टिंग' आणि 'अमुक स्टाफिंग' अशा तीन कंपन्या असतात. ईमेल पहिलीच्या डोमेनवरून येतो आणि नेमणूक तिसरीत होते.

## मधल्या हातांना किती जातं?

आकडे मांडले की नावाचा आग्रह का धरायचा ते उघड दिसतं. समजा चार वर्षं अनुभवाच्या एका टेस्टरसाठी क्लायंट महिन्याला १,१०,००० रुपये मोजतो. याला 'बिल रेट' म्हणतात. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो सोडून देऊ. यादीवरचा मोठा व्हेंडर १२,००० ठेवून खालच्याला ९८,००० देतो. खालचा १८,००० ठेवतो आणि टेस्टरला ८०,००० महिना सीटीसी सांगतो. सीटीसी म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता सगळं आलं. हातात येणारा आकडा त्याहून कमीच. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्यक्षात कौशल्यानुसार आणि साखळीच्या लांबीनुसार ते बदलतात.

व्हेंडरने पैसे ठेवले यात चूक नाही. माणूस शोधायचा, पगारपत्रक चालवायचं, रजा सांभाळायची, हे फुकट होत नाही. गोची दुसरीकडे आहे. क्लायंट बिल चुकतं करतो ४५ किंवा ६० दिवसांनी. मोठा व्हेंडर त्याला पैसे मिळाल्यावर खालच्याला देतो. पगार मात्र पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायला हवा, कायदाच तसा आहे. छोट्या व्हेंडरची दहा माणसं ८०,००० सीटीसीवर असतील, तर महिन्याला आठ लाख त्याने स्वतःच्या गाठीचे घालायचे आणि दोन महिने वाट बघायची. सोळा लाख कायम अडकलेले. एखाद्या क्लायंटने बिल वादात अडकवलं की पगार दहा तारखेला, मग अठराला, मग 'क्लायंटकडून पेमेंट आलं की करतो' अशा पायरीने घसरत जातो. हे शेवटचं वाक्य कधीही स्वीकारू नये. क्लायंटने बिल भरणं हा त्या दोन कंपन्यांमधला मामला आहे. तुमचा पगार त्यावर अवलंबून ठेवायची मुभा कायदा देत नाही.

पगार लांबायच्या आधी एक लक्षण दिसतं, ते म्हणजे पीएफ. पगार खात्यावर येत असतो, स्लिपवर १,८०० ची वजावटही दिसते, पण पासबुकात त्या महिन्याची नोंद येत नाही. पैशाची ओढाताण सुरू झाली की मालक आधी तिथे हात घालतो, कारण कर्मचारी पासबुक रोज उघडून बघत नाही.

## "बसायचं तर त्याच ऑफिसात ना? मग फरक काय?"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकते आणि रोजच्या कामापुरता तो बरोबरही आहे. लॅपटॉप क्लायंटचा, टीम क्लायंटची, मॅनेजर क्लायंटचा. फरक कागदावर पडतो आणि तो काही वर्षांनी पैशांत दिसतो.

ग्रॅच्युइटी घ्या. महिन्याचं मूळ वेतन ४०,००० असेल तर सूत्राप्रमाणे, म्हणजे २६ दिवसांचा महिना धरून १५ दिवसांचं वेतन, एका वर्षाला साधारण २३,०७७ रुपये होतात. सहा वर्षं एकाच एम्प्लॉयरकडे काढली तर १,३८,४६२. आता तीच सहा वर्षं अशी मांडा: पहिली दोन व्हेंडरच्या पेरोलवर, मग क्लायंटने 'कन्व्हर्ट' करून घेतलं आणि पुढची चार त्याच खुर्चीवर, पण क्लायंटच्या पेरोलवर. मॅनेजर तोच, डबा खायची जागा तीच. पण कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांची सलग सेवा लागते आणि ती एकाच एम्प्लॉयरकडे मोजली जाते. पेरोल बदलला तेव्हा घड्याळ शून्यावर आलं. चार वर्षांनंतर राजीनामा दिला तर हाती काहीच नाही. कन्व्हर्शनच्या वेळी जुनी सेवा धरणार असल्याचं लेखी घेतलं असेल तरच गोष्ट वेगळी.

नव्या संहितेने इथे एक खिडकी उघडली आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला एक वर्ष पूर्ण झालं की सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. वरच्या उदाहरणात व्हेंडरची दोन वर्षं अशा मुदतीच्या पत्रावर असतील तर ४६,१५४ रुपये व्हेंडरने द्यायचे. पण त्यासाठी पत्रावर मुदत लिहिलेली हवी. रिक्रूटर फोनवर अभिमानाने 'परमनंट' म्हणतो आणि पत्रात शेवटची तारीख नसते, तेव्हा ही सवलत लागू होत नाही आणि पाच वर्षांची अट उभी राहते. ज्या नोकऱ्या मुळात दीड-दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर टेकलेल्या आहेत, तिथे हे 'परमनंट' महागात पडतं.

दुसरा फरक पुढच्या नोकरीच्या वेळी दिसतो. सीव्हीवर बरेच जण सरळ क्लायंटचं मोठं नाव एम्प्लॉयर म्हणून टाकतात. तीन वर्षं त्यांच्याच इमारतीत बसलो, मग का नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण नवी कंपनी पार्श्वभूमी तपासणीत यूएएनखालची सेवा नोंद मागते. यूएएन म्हणजे पीएफचा तो बारा अंकी क्रमांक जो नोकरी बदलली तरी बदलत नाही. तिथे व्हेंडरचं नाव असतं. क्लायंटच्या एचआरला विचारलं तर ते म्हणतात, या नावाचा आमचा कर्मचारीच नव्हता. तेही खोटं बोलत नसतात. मग खरा अनुभव असूनही अहवालात 'तफावत' लिहिली जाते. सीव्हीवर एम्प्लॉयर म्हणून व्हेंडर आणि त्याखाली क्लायंट म्हणून मोठं नाव, असं लिहिलं की हा प्रश्न येत नाही. घरकर्जालाही बँक पगार देणाऱ्या कंपनीचंच नाव बघते.

आणि तिसरा, प्रोजेक्ट संपल्यावरचा. क्लायंट फक्त व्हेंडरला कळवतो की अमुक तारखेपासून माणूस नको. तिथून पुढे तुमचं काय, हे तुमच्या आणि व्हेंडरच्या कराराने ठरतं. काही व्हेंडर दुसरा प्रोजेक्ट मिळेपर्यंत पगार देतात, ज्याला सगळे 'बेंच' म्हणतात. काहींच्या पत्रात बारीक अक्षरांत असतं की क्लायंटकडचं काम संपलं त्या दिवशी नेमणूकही संपली. 'परमनंट' या शब्दाची परीक्षा या एका ओळीवर होते, म्हणून पत्र उघडलं की मी आधी ती ओळ शोधते.

## कायदा क्लायंटला मोकळा सोडतो का?

पूर्ण नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून एक तत्त्व चालत आलंय: कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने, म्हणजे ज्याचं काम आहे त्याने, द्यायची आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची. नव्या व्यवसाय सुरक्षा संहितेतही ते कायम आहे.

मर्यादा मात्र मोठी आहे. कंत्राटदाराने स्वतःकडे नियमित नेमलेला, वेतनवाढ आणि सामाजिक सुरक्षा मिळणारा कर्मचारी त्या संहितेतल्या कंत्राटी कामगाराच्या व्याख्येतच बसत नाही. चाकणच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेल्या हेल्परला ही ढाल बहुतेक वेळा मिळते. आयटी व्हेंडरच्या 'परमनंट' पेरोलवरच्या इंजिनिअरला 'तू त्यांचा नियमित कर्मचारी, आमचा संबंध नाही' असं सांगायला क्लायंटच्या वकिलाला जागा राहते. म्हणून पगाराची जबाबदारी कोणाची हे भांडण उभं राहायच्या आधी, ज्याच्याकडे मागायला जाणार तो देण्यासारखा आहे का, हे बघणं जास्त शहाणपणाचं.

## नाव मिळालं, आता त्याचं काय करायचं?

ऑफर लेटरच्या तळाशी किंवा माथ्यावर बघा. कंपनीच्या लेटरहेडवर पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन छापणं कंपनी कायद्याने बंधनकारक आहे. सीआयएन म्हणजे कंपनीचा २१ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक. तो अशा घडणीचा असतो:

```
U78200PN2016PTC000000
```

हा फक्त नमुना आहे, कोणाचा खरा क्रमांक नाही. पहिलं अक्षर `U` म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली कंपनी, नोंद असेल तर `L`. पुढचे पाच अंक धंद्याचे. ७८ ने सुरू होणारे मनुष्यबळ पुरवण्याचे, जरी जुन्या कंपन्यांचे कोड वेगळे दिसतात. मग नोंदणीचं ठिकाण: `PN` पुणे, `MH` मुंबई. त्यानंतरचे चार अंक स्थापनेचं वर्ष. 'पंधरा वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात २०२४ दिसलं, तर एक प्रश्न आयताच मिळाला. हाच क्रमांक कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर टाकला की कंपनी चालू आहे की नाही, पत्ता काय, ते दिसतं. एलएलपी असेल तर क्रमांकाची घडण वेगळी असते आणि भागीदारी किंवा एकट्या मालकीची संस्था असेल तर सीआयएन नसतोच. तेव्हा जीएसटी क्रमांकावरून नाव तपासता येतं.

त्याहून उपयोगी तपासणी पीएफची. ईपीएफओच्या पोर्टलवर आस्थापना शोधायची सोय आहे, 'Establishment Search' नावाची. तिथे कंपनीचं नाव टाकलं की तिचा कोड मिळतो, पुण्याच्या कार्यालयाचा असेल तर `PUPUN` ने सुरू होणारा, आणि त्याखाली कोणत्या महिन्याचा भरणा कोणत्या तारखेला आणि किती कर्मचाऱ्यांसाठी झाला हे दिसतं. मागच्या वर्षभराच्या ओळी वाचा. दर महिन्याला पंधरा तारखेच्या आसपास भरणा असेल आणि माणसांचा आकडा स्थिर असेल तर कंपनीची पैशाची शिस्त बरी. तीन महिने एकदम भरलेत, मध्ये खाडे आहेत, किंवा 'आमचे पाचशे कन्सल्टंट आहेत' म्हणणाऱ्याचा भरणा अकरा जणांचा आहे, तर गोष्ट तिथेच कळते.

या शेवटच्या प्रकाराचं एक कारण असतं. काही व्हेंडर लोकांना कर्मचारी म्हणून घेतच नाहीत, 'कन्सल्टंट' म्हणून घेतात. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही, आणि पगारावरच्या टीडीएसऐवजी व्यावसायिक फीवर सरसकट १० टक्के कापून पैसे येतात. ज्याला ते समजून हवंय त्याने जरूर घ्यावं, त्याचे करात फायदेही असतात. पण हातात येणारी रक्कम मोठी दिसते म्हणून ती पगाराशी तोलू नये. पीएफबद्दल विचारल्यावर 'तो तुमच्या चॉइसवर आहे' असं उत्तर आलं, तर 'पगारी नेमणूक की कन्सल्टंट?' हे तिथल्या तिथे स्पष्ट करून घ्या.

आणि नोंदणी शुल्क, ट्रेनिंगचे पैसे किंवा 'परत मिळणारं डिपॉझिट' उमेदवाराकडे मागितलं, तर पुढचं काहीच तपासत बसू नका. स्टाफिंग कंपनीची कमाई क्लायंटकडून होते.

## "एवढं विचारलं तर ऑफर जाईल"

जाते कधी कधी, खोटं कशाला सांगा. पण रिक्रूटरच्या बाजूने बघा: त्याला महिन्याचं टार्गेट असतं आणि इंटरव्ह्यू पार केलेला माणूस शेवटच्या क्षणी गळाला तर त्याचंच नुकसान होतं. नीट विचारणारा उमेदवार त्याला डोकेदुखी वाटत नाही, आयत्या वेळी गायब होणारा वाटतो. त्यामुळे प्रश्न लवकर आणि थोडक्यात विचारणं दोघांच्याही सोयीचं. फोनवरचं बोलणं हवेत विरतं, म्हणून एक छोटा मेल टाकावा. असा:

"नमस्कार, आजच्या बोलण्याप्रमाणे मला या जागेत रस आहे. माझा सीव्ही पुढे पाठवण्यापूर्वी क्लायंटचं नाव आणि माझं अपॉइंटमेंट लेटर देणाऱ्या कंपनीचं पूर्ण नोंदणीकृत नाव कृपया कळवा. मधे आणखी कोणी व्हेंडर असल्यास तेही सांगा. नेमणूक ठरावीक मुदतीची आहे की मुदतीशिवाय, आणि प्रोजेक्ट संपल्यास पगाराचं काय, हे दोन मुद्दे स्पष्ट झाले तर मी लगेच होकार देऊ शकेन. तोपर्यंत माझा सीव्ही कुठेही सादर करू नये ही विनंती."

उत्तर एका दिवसात, नावानिशी आलं तर पुढे जा. 'एचआर राउंडला सगळं क्लिअर करतील' असं आलं तर इंटरव्ह्यू द्यायला हरकत नाही, पण हातातल्या नोकरीचा राजीनामा पत्र बघितल्याशिवाय टाकू नका. 'सहा महिन्यांत क्लायंट अ‍ॅब्सॉर्ब करतो' हे आश्वासन मिळालं तर मागच्या वर्षी किती जणांना केलं ते विचारा, आणि व्हेंडर-क्लायंट करारात अमुक महिने माणूस थेट घेता येणार नाही अशी अट आहे का, तेही विचारा. अशी अट सर्रास असते आणि उमेदवाराला ती कधीच दाखवली जात नाही.

## आधीच जॉइन झालो असेन तर?

ईपीएफओच्या पोर्टलवर लॉगिन करून सेवा नोंद उघडा. तिथलं नाव, अपॉइंटमेंट लेटरवरचं नाव आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पगार पाठवणाऱ्याचं नाव जुळतंय का, बघा. आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएस मध्ये टीडीएस कापणाऱ्याचं नाव दिसतं, ते चौथं. एखादं नाव वेगळं असेल तर एचआरला मेलवर विचारा. पुष्कळदा कंपनीचं नाव बदललेलं असतं किंवा दोन कंपन्यांचं विलीनीकरण झालेलं असतं आणि उत्तर सरळ मिळतं.

पीएफ कापलाय पण भरलेला नाही असं दिसलं तर स्लिपा आणि पासबुकाचे स्क्रीनशॉट ठेवा आणि ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, `EPFiGMS` वर, कंपनीच्या कोडसकट तक्रार टाका. पगारच थकला असेल तर जिल्ह्याचं कामगार आयुक्त कार्यालय. तिथे अर्जावर 'मालकाचं नाव' असा रकाना असतो. क्लायंटकडे काम केल्याचा पुरावा, म्हणजे आयकार्डाचा फोटो, डेप्युटेशन लेटर, मंजूर झालेल्या टाइमशीट, सोबत लावा, पण रकान्यात नाव लिहायचं ते अपॉइंटमेंट लेटरवरचं, आणि क्लायंटचं नाव त्याखाली, काम कुठे केलं ते सांगायला. क्लायंटचा मेल आयडी प्रोजेक्ट संपल्याच्या संध्याकाळीच बंद होतो, तेव्हा टाइमशीटच्या प्रती क्लायंटच्या गोपनीयतेचे नियम पाळून, महिन्याच्या महिन्याला व्हेंडरच्या मेलवर पाठवत जा.